तीन शब्द आणि एक उघडी खिडकी

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतची कथा, दोन्ही मिळालं. लेखनाच्या गटात तीन शब्दांवरून कथा लिहायला चिठ्ठ्या काढल्या आणि तुझ्या वाट्याला ‘किल्ली, पाऊस, शेजारी’ आले म्हणून तू वैतागलायस. एवढ्या गुळगुळीत शब्दांत नवीन काय सापडणार, असं तुझं म्हणणं. मला उलट वाटतं. ‘ज्वालामुखी, सतार, हिशेबनीस’ असले शब्द आले असते तर निम्मी शक्ती त्यांची मोट बांधण्यातच गेली असती. वाचकालाही विचित्र मेळ जुळवल्याचं कौतुक वाटलं असतं, पण गोष्ट लक्षात राहिली नसती.

तुझी कथा दोनदा वाचली. नायक पावसात घरी येतो, किल्ली हरवलेली असते, खडूस समजला जाणारा शेजारी त्याला आत घेतो आणि प्रेमळ निघतो. वाक्यं छान आहेत. पण एक गंमत करून बघ. पाऊस काढ आणि ऊन घाल. कथेचं काही बिघडतं का? तो उन्हात दाराबाहेर बसेल, शेजारी त्याला आत बोलावेल, संपलं. म्हणजे तुझा पाऊस नुसता मागे लावलेला पडदा आहे. किल्लीचंही तसंच. तिच्या जागी कुलूप बिघडलेलं चाललं असतं. तीन शब्दांतला एकच, शेजारी, तुझ्याकडे खऱ्या अर्थाने कामाला लागलाय. बाकीचे दोघे हजेरी लावून गेले. हे तपासायला दुसरं काही लागत नाही, शब्द काढायचा आणि भोक पडतं का ते पाहायचं.

मी अशा वेळी काय करतो ते सांगतो. सुचतील त्या कथा आधी एकेका ओळीत लिहून टाकतो, लाज न बाळगता. इथे मला सुचल्या त्या अशा: दाराबाहेर अडकलेला माणूस (तुझीच), किल्लीचा गैरफायदा घेऊन चोरी करणारा शेजारी, पावसात सापडलेल्या किल्लीने उघडणारं गूढ दार, आणि अर्थातच तो शेजारी जो कधीच वारलेला असतो. या चारही गटातल्या बाकीच्यांनाही सुचणार, कारण त्या आपल्याला सुचत नसतात, शब्दांनाच चिकटून आलेल्या असतात. पण त्या टाकून देण्याआधी नीट बघाव्यात. चारही कथांत एक गोष्ट सारखी आहे: किल्ली म्हणजे दार उघडण्याची सोय. ती असली की प्रश्न सुटतो, नसली की प्रश्न पडतो. मग उलटं करायचं. किल्ली आहे, दार उघडतंही, आणि नेमकी तीच अडचण आहे, असं कधी होईल?

इथे मला जान्नी रोदारी आठवतो, इटलीचा बालसाहित्यकार. १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक खेळ सांगितलाय. एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यायचे, त्याचं उदाहरण कुत्रा आणि कपाट, आणि निरनिराळी शब्दयोगी जोडून त्यांची नाती लावत जायची: कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाट घेऊन निघालेला कुत्रा. आपल्याकडे तर विभक्ती प्रत्ययांची रेलचेल आहे, त्यामुळे हा खेळ मराठीत फार झरझर होतो. शेजाऱ्याची किल्ली. किल्लीवरचा पाऊस. शेजाऱ्याचा पाऊस (हा मला आवडला, पण पुढे गेला नाही). पावसाची किल्ली. आणि मग ‘पावसासाठी किल्ली’. इथे मी थांबलो. पावसासाठी किल्ली कोण कोणाला देईल? बाहेर जाणारा माणूस शेजाऱ्याला देईल: पाऊस आला तर खिडकी लावा. म्हणजे किल्ली दिली ती घरासाठी नाही, फक्त पावसासाठी. तिच्याबरोबर एक अट आली, आणि अट आली की ती मोडण्याची शक्यता आलीच.

भांडण हवं होतं, ते इथेच मिळालं. नवखा लेखक अशा वेळी भांडणाचं कारण बाहेरून आणतो: उसने पैसे, जुनी प्रेमकहाणी, जमिनीचा वाद. चौथी वस्तू कथेत शिरली की ती जागा मागते, तिचा खुलासा द्यावा लागतो आणि चारशे शब्दांची कथा तिथेच फुगते. माझ्या कथेत तो माणूस पाऊस नसताना किल्ली वापरतो, तेवढ्यावरून अबोला धरला जातो. पाऊसही आता मुकाट्याने कामाला लागतो, कारण निर्णय आजच, आत्ताच घ्यावा लागणार. उन्हात ही कथा घडूच शकत नाही.

ही बघ:

*वसंतरावांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि छत्री काखेत मारून ते फाटकाबाहेर पडले. माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. आमचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते.*

*तासाभरात पाऊस आला. त्यांची खिडकी सताड उघडी.*

*त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडेच होती. ‘पाऊस आला तर खिडकी लावा, एवढ्यासाठी देतोय,’ असं म्हणून त्यांनीच दिलेली. तीन पावसाळे मी ते काम केलं. मग उन्हाळ्यात एकदा त्यांच्या घरातून नळ वाहत असल्याचा आवाज आला, म्हणून मी आत गेलो. नळ बंद केला आणि आलो. संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. ‘किल्ली पावसासाठी दिली होती,’ एवढंच म्हणाले. मीही नळाचं काही बोललो नाही. त्यानंतर त्यांनी किल्ली परत मागितली नाही आणि मी नेऊन दिली नाही.*

*पाऊस वाढला. त्यांचं लिहायचं टेबल खिडकीलगत असतं, वर कागदांचे गठ्ठे. भिजू देत, म्हटलं. निघताना माणसाने आभाळाकडे बघू नये? मग छत्री घेतली आणि गेलो.*

*टेबल खिडकीलगत नव्हतं. पलीकडच्या भिंतीला सरकवलेलं होतं, कागद कपाटावर चढवलेले. खिडकीखाली एक जुनी चादर चौपदरी घडी करून अंथरली होती. ती चिंब झाली होती, पुढची फरशी कोरडी होती.*

*मी खिडकी ओढून घेतली. कडी नेहमीसारखी अडली, नेहमीसारखी वर उचलून बसवली. दाराशी माझी छत्री निथळत उभी होती. ती तिथेच राहू दिली, बाहेरून कुलूप लावलं आणि भिजत घरी आलो.*

आता यात अनपेक्षित काय आहे ते सांगतो, कारण तुझ्या पत्रात तू ‘शेवटी धक्का हवा’ असं लिहिलंयस आणि तिथे माझं तुझ्याशी पटत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात धक्का होता. तो आत जातो आणि वसंतराव मरून पडलेले असतात. वाचक दचकतो खरा, पण तो मृत्यू तीन शब्दांतून निघालेला नाही, लेखकाने वरून टाकलाय. शिवाय मृत्यू आला की अबोल्याचं काय झालं हा प्रश्न न सोडवताच मिटतो. लेखकाची सुटका होते, कथेची होत नाही. दुसऱ्या खर्ड्यात वसंतराव परत येऊन म्हणतात, ‘खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवली होती.’ हेही गेलं. जे चादर सांगते ते माणसाने बोलून दाखवलं की वाचकाच्या हाती काही उरत नाही.

धक्का देताना माहिती दडवून ठेवावी लागते. कोन बदलताना माहिती समोरच असते, फक्त ती चुकीच्या नावाखाली ठेवलेली असते. शेवट कळल्यावर पहिला परिच्छेद पुन्हा वाच. कुलूप दोनदा ओढून पाहणारा माणूस खिडकी विसरेल का? छत्री घेऊन निघालेल्याला पाऊस येणार हे माहीत नव्हतं का? दोन्ही गोष्टी पहिल्याच वाक्यात आहेत. सांगणारा रागात आहे, म्हणून तो त्यांना निष्काळजीपणा समजतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी वाचतो. म्हणून तर कथा त्याच्या तोंडून सांगितली. वसंतरावांच्या तोंडून सांगितली असती तर खिडकीचं गुपित पहिल्या ओळीला फुटलं असतं, किंवा मला ते वाचकापासून लबाडीने लपवावं लागलं असतं. तुझ्या कथेवरही हे करून बघ: शेवट मनात ठेवून सुरुवात वाच. ती आणखी भरलेली वाटली तर कोन साधला. खोटी वाटली तर तू वाचकाला फसवलंयस.

माझ्या कथेतला सांगणारा वसंतरावांच्या घरात शेवटी काय करतो, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. नुसतं ओळखून परत आला असता तर कथा अर्धी राहिली असती, कारण वसंतरावांनी एक पाऊल टाकलं आणि याने फक्त पाहिलं. त्याला उत्तर द्यायला हवं, तेही न बोलता आणि हाताशी असलेल्या वस्तूने. किल्ली टेबलावर ठेवली असती तर त्याचा अर्थ नेमका उलटा झाला असता. चिठ्ठी लिहिली असती तर पुन्हा बोलणंच. छत्री पावसामुळे आपसूक आली होती, आणि ती मागे राहिली की आता येण्याची पाळी वसंतरावांची.

एक शंका मात्र आहे. ‘पुढची फरशी कोरडी होती’ ही ओळ मला जरा जास्त समजावणारी वाटते. चादर आणि सरकवलेलं टेबल एवढ्यावर वाचकाला कळेल का? मी ती दोनदा काढली आणि दोनदा परत घातली. गटातल्या कुणाला तरी ती ओळ गाळून वाचायला दे आणि खिडकी कुणी का उघडी ठेवली, एवढंच विचार.

आणि तुझी कथा फेकू नकोस. तुझा तो खडूस शेजारी दार उघडण्याआधी आतून बराच वेळ काही आवरत असतो, असं तू एका वाक्यात लिहून पुढे गेलायस. तो काय आवरत होता? मला वाटतं तुझी कथा तिथे आहे, आणि ती त्यानेच सांगायला हवी. पुढच्या बैठकीआधी नवा खर्डा पाठव.

तुझा,
अवि