कर विकल्यावरच लागतो

‘पगाराला ३० टक्के, शेअरच्या नफ्याला साडेबाराच का?’ हा आपला लेख वाचला. प्रश्न रास्त आहे, पण एक मुद्दा सुटला. पगारावरचा कर चुकत नाही. भांडवली नफ्यावरचा मात्र शेअर विकेपर्यंत लागतच नाही. समजा, काही वर्षांपूर्वी घेतलेले दोन लाखांचे शेअर आज दहा लाखांचे झाले. विकल्यास सव्वा लाखाची सूट वजा जाता सुमारे ८४ हजार रुपये कर पडतो. दर ३० टक्के केला, तर तोच दोन लाखांवर जाईल. मग दुसरी कंपनी चांगली दिसत असूनही माणूस जुनेच शेअर धरून बसतो आणि सरकारच्या हातीही काही पडत नाही. अर्थात, दर साडेबाराच हवा, असे यातून सिद्ध होत नाही.

– एक वाचक, सांगली