बेडक्यातली रेघ सर्दीच्या नावावर घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरचा ‘सर्दीत रक्त’ हा मजकूर वाचला. घाबरू नका हे त्यात सांगितले ते बरोबरच आहे. पण शेवटच्या ओळीत ‘रक्त थांबले की विसरून जावे’ असे छापले आहे, त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहावे लागले. रक्त आपोआप थांबणे ही काही सर्दीची खूण नव्हे. क्षयाच्या बेडक्यातले रक्तही दोन दिवस दिसते, आठवडाभर थांबते आणि पुन्हा येते. जुनाट रुंदावलेल्या श्वासनलिकांतून येणारे रक्तही असेच थांबते. म्हणून रक्त थांबले का, एवढ्यावर जाऊन चालत नाही. ते आले कुठून आणि खोकला सर्दीच्या आधीपासून होता का, हे आधी विचारायला हवे.

कुठून आले हे बऱ्याचदा घरीच कळते. सर्दीत नाक जोरजोरात शिंकरले की नाकाच्या पुढच्या पडद्यावरची बारीक रक्तवाहिनी फुटते. घोळणा फुटतो तो इथेच. रात्री ते रक्त मागच्या बाजूने घशात उतरते आणि सकाळी खाकरल्यावर पहिल्याच बेडक्यात काळपट, सुकलेला तुकडा दिसतो. दिवसा पुन्हा काही दिसत नाही, पण रुमालावर शेंबडात तांबूस रंग असतो. हिरड्यांचे रक्त खोकल्याशिवायच येते. उठल्या उठल्या चूळ भरली की पाणी गुलाबी होते आणि ब्रशलाही रक्त लागते. ही दोन्ही किरकोळ कारणे. नाक शिंकरताना जोर कमी करावा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकावेत, हिरड्या दाताच्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

तिसरे कारण छातीतले असले तरी बहुतेक वेळा सौम्यच असते. सर्दी छातीत उतरली की श्वासनलिकेचे अस्तर सुजते. खोकल्याची मोठी उबळ आली की त्यातली एखादी केशवाहिनी तुटते आणि पिवळट कफावर लाल धाग्यासारखी रेघ उमटते. तरुण, विडी-सिगारेट न ओढणारा माणूस असेल, सर्दी चार-पाच दिवसांचीच असेल आणि रेघ एक-दोनदाच दिसली असेल, तर धावपळ करण्याचे कारण नाही. तरीही डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. आणि रेघ पुन्हा दिसली किंवा खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, तर छातीचा फोटो काढायलाच हवा. आपल्याकडे क्षय एवढा पसरलेला असताना हा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातही खोकल्यातून रक्त येणे हे संशयित क्षयाचे लक्षण धरले जाते. त्यासाठी खोकल्याला दोन आठवडे होण्याची वाट पाहायची नसते.

आता तुमच्या त्या ओळीने काय होते ते पाहा. समजा, पंचेचाळिशीचा एक यंत्रमाग कामगार आहे. त्याला गणपतीपासून खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट लागते, पट्टा एक भोक आत गेला आहे. दिवाळीच्या थंडीत पडसे होते आणि तिसऱ्या दिवशी बेडक्यात रेघ दिसते. घरातले सगळे म्हणतात, पडशामुळे आले. सात आठवड्यांचा खोकला तीन दिवसांच्या पडशाच्या नावावर जातो. तो औषधाच्या दुकानात जातो आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या पाच गोळ्या आणि खोकल्याची बाटली घेऊन येतो.

खरी फसगत इथे होते. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही काम करते, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते वापरले जाते. पाच दिवसांत काही जंतू मरतात, ताप उतरतो, रक्त थांबते. याच काळात बेडका तपासला तर त्यात जंतू न सापडण्याची शक्यता वाढते आणि ‘टीबी नाही’ असा कागद हातात पडतो. पण एकट्या औषधाने क्षय बरा होत नाही. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, त्यातले काही या औषधाला न जुमानणारेही असू शकतात. महिना-दीड महिन्याने तो जास्त रक्त घेऊन परत येतो आणि मधल्या काळात घरातली मुले त्याच्याच शेजारी झोपलेली असतात. हे औषध २०१४ पासून एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंदवहीही ठेवावी लागते. हे त्या मजकुरात एका वाक्यात सांगता आले असते.

आणखी एक. तुम्ही ‘थुंकी तपासून घ्या’ असे लिहिले आहे. लोक मग डबीत खरोखरच थुंकी नेऊन देतात आणि तिच्या तपासणीतून काही हाती लागत नाही. लागतो तो छातीतला बेडका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन पोटातून खोकावे आणि चमचाभर घट्ट कफ डबीत घेऊन झाकण घट्ट लावावे. एक नमुना केंद्रावर आणि दुसरा असा सकाळचा, असे दोन देतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत एवढ्यावर थांबू नये. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावरची तपासणी कमी जंतूही पकडते आणि सरकारी केंद्रात ती मोफत होते. शंका असेल तर १८००-११-६६६६ या क्रमांकावर विचारता येते.

ज्यांना पूर्वी क्षय होऊन बरा झाला आहे, त्यांना तर ती ओळ लागूच नाही. जखमेच्या जागी पोकळी किंवा रुंदावलेल्या नलिका राहतात आणि प्रत्येक सर्दीत तिथून रक्त येऊ शकते. दरवेळी क्षय परतलेलाच असतो असे नाही, पण तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही. चाळिशीपुढच्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एकदा रेघ दिसली तरी फोटो काढावा. फोटो स्वच्छ आला आणि रक्त पुन्हा दिसले, तर सीटी स्कॅनबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारावे, कारण लहान गाठ साध्या फोटोत हृदयामागे लपू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणि रेघेऐवजी निव्वळ रक्त येऊ लागले, दिवसभरात अर्धा कप भरेल एवढे झाले, किंवा थोड्याच रक्तासोबत दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, एकच पाय सुजला, तर १०८ ला फोन करावा. मोठ्या माणसाच्या श्वासमार्गात सुमारे १५० मिलिलिटर एवढीच जागा असते. त्यामुळे रक्त जाण्यापेक्षा गुदमरण्याचा धोका मोठा असतो. अशा माणसाला उताणे झोपवू नये, बसते ठेवावे. कोणत्या बाजूने रक्त येते ते माहीत असेल तर त्याच कुशीवर वळवावे आणि खोकला दाबणारे औषध देऊ नये.

पुढच्या आरोग्य पानावर त्याच जागी, त्याच टायपात दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, इचलकरंजी