ताप, ओटीपोटातली कळ आणि ‘नॉर्मल’ सोनोग्राफी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची. 32 वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी स्त्रियांच्या वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीतल्या एका लहान दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते. इथल्या बाया तेलुगू, कन्नड, मराठी अशा तीन भाषांत बोलतात, पण दुखणं सांगायची रीत सगळ्यांची एकच. आधी डोकं दुखतंय, मग कंबर, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हळूच, “सिस्टर, अंगावरून पण जातंय.”

त्या दारातल्या वाक्याबद्दल हे पत्र आहे.

मागे एक 24 वर्षांची मुलगी आली होती. तिला तीन वर्षांची मुलगी, दुसरं मूल हवं होतं. पाळी संपली आणि दोन दिवसांनी ओटीपोटात दोन्ही बाजूंनी दुखायला लागलं. संध्याकाळी अंग तापायचं. पिवळट, वास येणारा स्राव जायचा. नवऱ्याजवळ गेलं की आत कळ यायची. पहिले तीन दिवस तिनं औषधाच्या दुकानातून पोटदुखीची गोळी आणून घेतली. विडीचा पगार दर हजार विड्यांमागे मिळतो, एक दिवस बसली की तेवढे पैसे गेले. चौथ्या दिवशी ती एका दवाखान्यात गेली. लघवी तपासली, “इन्फेक्शन आहे” म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. लघवीच्या रिपोर्टात तसं काहीच नव्हतं, कागद मी पुढे स्वतः पाहिला. सहाव्या दिवशी कुणीतरी सोनोग्राफी सांगितली. त्यात ‘नॉर्मल’ आलं आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सासू म्हणाली, उष्णता झालीय, ताक पी.

नवव्या दिवशी ती आमच्याकडे आली तेव्हा ताप 102 होता आणि ती पोट धरून, वाकून चालत होती. या नऊ दिवसांत तिला एकदाही कुणी टेबलावर झोपवून आतून तपासलं नव्हतं.

महोदय, हा आजार म्हणजे योनीमार्गातून वर चढलेला संसर्ग. जंतू आधी गर्भाशयाच्या तोंडाशी असतात. तिथून ते गर्भाशयात, मग दोन्ही नळ्यांत आणि अंडाशयांपर्यंत जातात. डॉक्टर याला पीआयडी म्हणतात, आपल्याकडे “पिशवीला सूज” म्हणतात. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे त्यातले नावाजलेले जंतू, पण योनीत एरवीही असणारे जंतूसुद्धा वर चढतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन प्रकार एकत्र असतात. पाळीच्या दिवसांत गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट पडदा सैल पडतो. म्हणून पाळीत किंवा पाळी नुकती संपल्यावर दुखणं सुरू झालं असं बाईनं सांगितलं, की आम्ही जुन्या नर्सा कान टवकारतो.

याचं निदान नुसत्या मशीनवर होत नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. सुरुवातीला नळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. ती सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. पू साठून गोळा झाला, की मग दिसते. म्हणजे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो तेच दिवस उपचाराचे असतात. खरी तपासणी हातमोजा घातलेल्या दोन बोटांची. गर्भाशयाचं तोंड हळूच एका बाजूला हलवायचं. बाई कळवळली, किंवा गर्भाशयावर वा बाजूच्या नळ्यांवर दाबल्यावर दुखलं, आणि तरुण बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्याला दुसरं कारण सापडत नसलं, तर त्याच दिवशी औषध सुरू करायचं. 101 च्या वर ताप आणि पूसारखा स्राव असला तर शंका आणखी पक्की. कल्चर, रक्ताचे रिपोर्ट मागाहून येऊ द्यावेत, त्यांची वाट पाहत बसू नये. त्याआधी मात्र एक गोष्ट चुकवायची नाही: लघवीवर गर्भाची पट्टी. दिवस गेलेले असतील आणि गर्भ नळीत असेल, तर दुखणं असंच असतं आणि तिथं वेळ मिनिटांत मोजावा लागतो. उजव्या बाजूलाच जास्त दुखत असेल तर अपेंडिक्सही डोक्यात ठेवायचं.

उलटी बाजूही सांगते. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दर वेळी आजार नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जाणारं पातळ, बिनवासाचं पाणी निरोगी बाईलाही जातं. शिवाय “पिशवीला सूज” या दोन शब्दांवर आपल्याकडे काय काय खपवलं जातं तेही मी पाहिलंय. चाळिशीच्या आतल्या बायांना “काढूनच टाका” असं सांगितलं गेलंय. सुजेला औषध आहे. म्हणूनच मी तपासणीचा आग्रह धरते, नुसत्या शिक्क्याचा नाही.

आता उशिरानं काय होतं ते. नळी ही नुसती पोकळ नळी नसते. आतल्या अस्तरावर डोळ्यांनी न दिसणारे, केसासारखे बारीक तंतू असतात. ते लाटेसारखे हलतात आणि अंडं पिशवीकडे ढकलतात. संसर्गात हे तंतू झडतात. शरीर जंतूंशी झगडतं, त्या झगड्यात अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि बरं होताना तिथं व्रण राहतो. अंडं उचलून घेणारी नळीच्या टोकाची झालर मिटून गेली तर नळी पाण्यानं फुगते. नळी पूर्ण बंद झाली तर मूल राहत नाही. अर्धवट खराब झाली तर गर्भ मध्येच अडकतो आणि नळी फुटू शकते. औषध जंतू मारतं, व्रण पुसत नाही. ताप उतरला म्हणून नळी जशी होती तशी झाली, असं नसतं.

यावर सगळ्यात जास्त काळ अभ्यास स्वीडनमधल्या लुंड शहरात झाला. दुर्बिणीनं निदान पक्कं केलेल्या बायांवर तिथल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. हे दुखणं एकदा झालेल्यांत 100 पैकी सुमारे 8 जणींना नळ्यांमुळे मूल राहिलं नाही. दोनदा झालेल्यांत जवळजवळ 20 आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत 40. त्याच रुग्णांवरचा आणखी एक अभ्यास 1993 साली छापून आला. दुखणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचार मिळालेल्यांपेक्षा उशीर झालेल्यांत वंध्यत्वाचा किंवा नळीत गर्भ राहण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. आमच्या मुलीचे पहिले तीन दिवस पोटदुखीच्या गोळीत गेले आणि पुढचे सहा रिपोर्टांत.

तिला भरती करावं लागलं. एवढा ताप, उलट्या, गोळी पोटात टिकेना. शिरेतून औषध दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मग गोळ्यांवर घरी पाठवलं. एकूण कोर्स 14 दिवसांचा. तिनं आठव्या दिवशी बंद केला. तोंडाला कडवट, पत्र्यासारखी चव येते आणि मळमळतं ही कोर्समधल्या मेट्रोनिडाझोल या गोळीची नेहमीची तक्रार. जेवणानंतर घे, पेलाभर पाण्याबरोबर घे, गोळी घेऊन लगेच आडवी होऊ नको, एवढं कुणी नीट समजावलं असतं तर तिनं कोर्स पुरा केला असता. नवऱ्यानं औषध घेतलंच नाही. “मला काय झालंय?” त्याला खरंच काही त्रास नव्हता. क्लॅमिडिया पुष्कळ पुरुषांत काहीही न दाखवता राहतो. चार महिन्यांनी ती पुन्हा त्याच दुखण्यानं आली. दोन वर्षांनी नळ्यांत डाय घालून एक्स-रे काढला. डावी बंद, उजवी फुगलेली. पुढे टेस्ट ट्यूबचा रस्ता सांगितला गेला. त्याचा खर्च आणि हजारी विड्यांचा हिशेब तुम्हीच मांडून पाहा.

महोदय, औषध आपल्याकडे नाही असं नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या रंगीत पाकिटांत ओटीपोटातल्या या दुखण्यासाठी पिवळं पाकीट आहे, किट 6. त्यात सेफिक्झिम 400 ची एक गोळी, आणि डॉक्सिसायक्लिन 100 व मेट्रोनिडाझोल 400, दोन्ही दिवसातून दोनदा, 14 दिवस. गरोदर बाईला हे पाकीट चालत नाही, तिला भरतीच करावं लागतं. नवऱ्यासाठी करड्या रंगाचं पाकीट आहे, एका वेळी घेऊन संपतं. ही पाकिटं लैंगिक आजारांसाठीच्या, ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असलेल्या दारामागे मिळतात, आणि आमच्या वस्तीतली बाई त्या दारात पाय ठेवत नाही. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? ती जाते जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथं पाकीट हवं.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात एक टेबल, एक पडदा, दिवा, हातमोजे, स्पेक्युलम, गर्भाची पट्टी आणि पिवळं व करडं पाकीट असावं. ओटीपोटात दुखणं आणि ताप घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर “आतून तपासणी केली / बाईने नको म्हटले” असा रकाना छापावा. रकाना असला की डॉक्टरला विचारावं लागतं. कोरा कागद कुणाला काही विचारायला लावत नाही. वेळेचंही पाहावं. सकाळी आमच्या बाया विड्या द्यायला गेलेल्या असतात. संध्याकाळी उघड्या असणाऱ्या ‘आपला दवाखाना’मध्ये ही सोय झाली तर पहिल्या तीन दिवसांतला एक तरी वाचेल.

नवऱ्याचं बोलणं अवघड असतं, हे मी नाकारत नाही. “तुझ्यामुळे झालं” असं एक वाक्य घर मोडू शकतं, आणि ते दर वेळी खरंही नसतं. प्रत्येक पीआयडी लैंगिक आजारातूनच येतो असं नाही. मी एवढंच सांगते: हा संसर्ग दोघांत फिरतो, एकट्यानं औषध घेतलं तर परत येतो, दोघांचा कोर्स होऊन दुखणं जाईपर्यंत जवळ यायचं नाही. असं सांगितलं की दहातले काही नवरे येतात. पाकीट तिथल्या तिथे हातात दिलं तर आणखी येतील. चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवलं की वाटेतच गळतात.

आणि एक फोन. औषध सुरू केल्यापासून 72 तासांत ताप आणि दुखणं उतरायला लागलं पाहिजे. उतरलं नाही तर पू साठला असेल किंवा निदान चुकलं असेल, आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. तांबी बसवलेली असेल तर ती पहिल्याच दिवशी काढायची गरज नसते, पण 72 तासांत आराम नसेल तर तो विचार करावा लागतो. आशाताईंच्या वहीत गरोदर बायांची नावं असतात, लसीची असतात. त्याच वहीत पिवळं पाकीट घेतलेल्या बाईच्या नावापुढे तिसऱ्या दिवसाची तारीख लिहावी आणि त्या तारखेला विचारावं, ताप उतरला का, गोळ्या चालू आहेत का, नवऱ्यानं घेतल्या का.

ज्या मुलीबद्दल लिहिलं, तिला तिसऱ्या दिवशी फोन गेला नव्हता. तो करायचा राहिला माझ्याकडूनच.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सोलापूर