नळ गळतोय ना, मग आवळू नकोस

प्रिय ओमू,

काल फोनवर तू म्हणालास ना की बाथरूमचा नळ रात्रभर ठिबकतो आणि तू तो जोर लावून बंद करतोस, ते ऐकल्यापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून लिहितेय. आधी एक कर, तो आवळणं बंद कर. काल रात्री मी आपल्या मोरीतला नळ मुद्दाम सेकंदाला एक थेंब पडेल एवढाच सोडून खाली पातेलं ठेवलं, दहा ते सहा, सकाळी जवळजवळ दीड लिटर पाणी होतं बघ (भांडी घासायला वापरलं).

तर आता बघ, पाणी नक्की कुठून येतंय. नळाच्या तोंडातून ठिबकत असेल तर दोष आतल्या वायसरचा नाहीतर कार्ट्रिजचा. हँडलच्या खालून झिरपत असेल तर तिथली रबराची रिंग गेली, आणि भिंतीपाशी ओल असेल तर ते टेफ्लॉन टेपचं काम, ते वेगळं.

मग हँडल किती फिरतं ते बघ. दोन-तीन आटे फिरवून बंद होत असेल तर जुना वायसरवाला. पाव नाहीतर अर्ध्या फेऱ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेलं कार्ट्रिज आहे, त्यात असा वायसर नसतोच. तू पाठवलेला नळाचा फोटो बघून मला पाव फेऱ्याचाच वाटतोय. त्यात चकत्या एकमेकींवर सरकून पाणी बंद होतं, जोर लावून काहीच होत नाही, उलट स्पिंडल झिजतो. बिघडतो तो बहुतेक वाळूच्या कणाने, टाकी धुतल्यावर गाळ येतो ना, त्याचा एक कण चकत्यांमध्ये अडकला की चरा पडतो आणि त्या चऱ्यातून थेंब.

काम सोपंय पण पाणी आधी बंद कर, बाथरूमचा कॉक नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा, आणि शेजाऱ्यांना सांगून कर. नळ उघडून राहिलेलं पाणी जाऊ दे, खालच्या जाळीवर फडकं टाक, स्क्रू तिथेच पडतात. हँडलवर लाल-निळी टिकली असते ती ब्लेडने हळूच उचल, खाली स्क्रू आहे, तो काढला की हँडल वर निघतं. मग स्टीलचं टोपण हाताने फिरव, आत पितळी षटकोनी भाग दिसेल, त्याला पाना लाव आणि डावीकडे फिरव. इथे एका हाताने नळाचं अंग घट्ट धरायचं म्हणजे धरायचंच!! नाहीतर अख्खा नळ फिरतो, भिंतीतला एल्बो तडकतो आणि मग टाइल फोडावी लागते.

कार्ट्रिज बाहेर आलं की ते तसंच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, नुसतं अर्धा इंची म्हणून मागू नकोस. वरचे दाते मोज, लांबी जुळव, आणि उघडताना कुठल्या बाजूला फिरतं तेही दाखव, कारण काही उलटे असतात. दात्यांमध्ये फरक पडला तर हँडल बसतच नाही. नवीन बसवायच्या आधी नळाच्या आतली जागा बोटाने पूस आणि टाकीचा कॉक क्षणभर उघडून गाळ वाहू दे, नाहीतर नवीन चकत्यांना पहिल्याच दिवशी चरा.

आणि वायसरवाला निघाला तर मी केलेली चूक करू नकोस. मागच्या वर्षी मोरीतला तोच नळ गळत होता, मी वायसर बदलला, दोन दिवस बरा आणि पुन्हा ठिबक सुरू. परत उघडला तर नवीन वायसरवर एका बाजूला खाच. मग टॉर्च लावून आत बघितलं, वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो ती बैठकच कुरतडलेली होती, बोट फिरवलं तर खडबडीत लागली. वर्षानुवर्षं आम्ही आवळून आवळून वायसर चेपवला आणि मग पाण्याच्या बारीक धारेने पितळ खाल्लं. अशा बैठकीवर दहा वायसर बदललेस तरी गळणारच, ती घासून घ्यावी लागते नाहीतर नळच बदलावा लागतो. बैठक गुळगुळीत असेल तरच वायसर बदल, आणि पाना लावण्याआधी हँडल अर्धं उघडं ठेव म्हणजे वायसर दाबलेला राहत नाही.

झालं की टाकीचा कॉक हळूहळू उघड, हँडल दोन-चारदा फिरव, खाली कोरडा पेपर ठेव आणि झोप. सकाळी पेपर कोरडा असेल तर कळव, ओला असेल तर आधी कार्ट्रिजच्या बुडाची रबरी रिंग जागेवर आहे का ते बघ, बसवताना ती हमखास सरकते.

जुनं कार्ट्रिज फेकू नको, तारखेची चिठ्ठी लावून ड्रॉवरमध्ये ठेव. पाना नसेल तर शनिवारी बाबा येताहेत त्यांच्याकडे देते.

तुझी,
आई