त्या रात्री हॉस्टेलपर्यंत पोचवणाऱ्यांचे आभार

गाडी लेट, मोबाईल बंद, आणि पत्त्यातलं आठवत होतं फक्त ‘पाण्याची टाकी, मागची गल्ली’ आणि पिनकोडचे शेवटचे तीन आकडे. रिक्षावाले काका म्हणाले टाक्या तर गावभर आहेत, आकडे सांग, मग त्यांनी उघड्या मेडिकलवर नेलं. तिथल्या दादांनी शेवटच्या आकड्यांवरून पोस्ट ऑफिसचा एरिया ओळखला, म्हणजे टाकी एकच उरली, शिवाय चार्जरही दिला (फोन मात्र ढिम्म). तिथे एकाच नावाची दोन हॉस्टेलं! वॉचमननी विचारलं, ॲडमिशन कुठल्या कॉलेजला, आणि बरोबर गेटवर सोडलं. वॉर्डननी रजिस्टरात माझं नाव सापडल्याचं सांगेपर्यंत काका रिक्षा घेऊन थांबलेले. तुम्हा तिघांची नावंही विचारायची राहिली, मनापासून थँक्यू!