अश्वगंधेतले 'पाच टक्के' मोजले कसे?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अश्वगंधेच्या कॅप्सुलांची तुलना करणारा तक्ता वाचला. डब्यावर विथॅनोलाइड्सचे जितके टक्के लिहिले आहेत, त्या क्रमाने उत्पादने लावली होती: पाच टक्केवाली वर, अडीच टक्केवाली तळाला. वनौषधींच्या अर्कांच्या तपासणीतच माझी सारी नोकरी झाली, म्हणून सांगतो, हा क्रम उलटाही असू शकतो.

विथॅनोलाइड्स हे अश्वगंधेतल्या एका कुळातल्या बऱ्याच संयुगांचे सामाईक नाव. अर्क ओळखता यावा आणि एक बॅच दुसऱ्या बॅचशी ताडून पाहता यावी, म्हणून ती 'मार्कर' म्हणून मोजतात. गुण येतो तो फक्त त्यांच्यामुळेच, असे ठरलेले नाही. मार्कर म्हणजे मोजण्यासाठी निवडलेली खूण. दुकानात मात्र तोच 'अॅक्टिव्ह' होऊन बसतो.

आता मोजणीकडे येऊ. जुनी पद्धत वजनाची, म्हणजे ग्रॅव्हिमेट्रिक. अर्कातले तेलकट पदार्थ आधी वेगळे काढायचे, मग योग्य सॉल्व्हंटमध्ये विथॅनोलाइड्स उतरवून घ्यायचे, सॉल्व्हंट उडवायचा आणि बशीत उरलेला थर तोलायचा. अडचण अशी की त्या सॉल्व्हंटमध्ये जे जे विरघळते ते सगळे त्या थरात येते: राळ, स्टेरॉल, रंगद्रव्ये. मेथीची जुडी मुळांच्या मातीसकट तोलावी, तसे हे वजन. दुसरी पद्धत एचपीएलसीची, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची. तिच्यात एकेक विथॅनोलाइड वेगळे होऊन आलेखावर स्वतंत्र शिखर म्हणून दिसते, शुद्ध स्टँडर्डशी ताडून त्याचे प्रमाण काढतात आणि मग बेरीज करतात. तीही परिपूर्ण नाही, कारण प्रत्येक विथॅनोलाइडचे स्टँडर्ड हाताशी नसते. पण निदान माती तरी तोलली जात नाही.

समजा, एका ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलवर वजनी पद्धतीने पाच टक्के लिहिले आहेत. हिशेबाने २५ मिलिग्रॅम झाले. तोच अर्क एचपीएलसीवर घातला आणि दोन टक्के निघाले, तर झाले १० मिलिग्रॅम. शेजारच्या डब्यावर एचपीएलसीने मोजलेले अडीच टक्के असतील, तर तेवढ्याच वजनाच्या कॅप्सुलमध्ये साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या तक्त्यात तळाला गेलेला वरचढ ठरतो. आणि यात कोणी खोटे लिहिलेले नाही! दोघांचेही सीओए, म्हणजे तपासणीचे दाखले, बरोबर असतात. फक्त 'पद्धत' या रकान्यात काय आहे ते कोणी वाचत नाही. मसजिद बंदरला किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला माल घेणारा जाणता व्यापारी मात्र पहिला प्रश्न हाच करतो: पाच कुठले, ग्रॅव्हीवाले की एचपीएलसीवाले?

पण मला अधिक काळजी वाटते ती पुढच्या प्रकाराची. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, अश्वगंधेचे मूळ सांगितले आहे. मूळ उपटायचे म्हणजे झाड गेले. पान मात्र फुकटासारखे मिळते. त्यात पानात विथाफेरिन-ए हे विथॅनोलाइड मुळापेक्षा पुष्कळ जास्त असते. तेव्हा मुळाच्या अर्कात पानाचा अर्क मिसळला, की एचपीएलसीवरचा आकडा पडत नाही, उलट चढतो. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली होती ती उगीच नव्हे. विथाफेरिन-ए पेशींना मारक ठरू शकते हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे, आणि परंपरेने पोटात घेण्याचा अनुभव आहे तो मुळाचा.

असा एक नमुना आमच्याकडे आला होता. आकडा उत्तम. हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, पास आहे, सही करा." मी म्हटले, आधी प्लेट लाव. अर्काचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, उठतो तो या प्लेटवर. सिलिकाचा थर दिलेल्या काचेवर अस्सल मुळाचा, अस्सल पानाचा आणि आलेल्या मालाचा अर्क शेजारी शेजारी बारीक पट्ट्यांत लावायचा, टोल्युइन, इथाइल अॅसिटेट आणि फॉर्मिक अॅसिडच्या मिश्रणात प्लेट उभी करायची आणि द्रव वर चढू द्यायचा. प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरले, की पानाच्या रांगेत क्लोरोफिलचे लालभडक पट्टे उठतात. मुळाच्या रांगेत ते नसतात. आमच्या नमुन्यात लाल काहीच नव्हते. मुलाचा चेहरा खुलला.

मी थांबलो, कारण अर्क कोळशातून गाळला की हिरवा रंग निघून जातो, हे माल बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. पानात केम्फेरॉल या फ्लेव्होनॉइडची ग्लायकोसाइड्स, म्हणजे साखर जोडलेली संयुगे, असतात. कोळशाने तीही कमी होतात, पण सहसा पुरती जात नाहीत. ती पहिल्या मिश्रणात वर चढत नाहीत, म्हणून पाणी असलेल्या वेगळ्या मिश्रणात दुसरी प्लेट लावली, फ्लेव्होनॉइडसाठीचा फवारा मारला आणि पुन्हा दिव्याखाली धरली. पानाच्या रांगेत हिरवट झळाळी, आमच्या मालाच्या रांगेत त्याच उंचीवर तीच झळाळी, मुळाच्या रांगेत अंधार. माल परत गेला. पुरवठादार फोनवर एकच वाक्य घोळवत होता, "पण साहेब, आकडा तर पाचच्या वर आहे!"

प्लेटलाही मर्यादा आहेत. पानाची अगदी थोडी भेसळ तिच्यावर दिसेलच असे नाही. एकाच अस्सल नमुन्याशी ताडूनही भागत नाही. नीमच-मंदसौरकडचे मूळ आणि दुसरीकडचे मूळ यांच्या पट्ट्यांत फरक असतो, म्हणून संदर्भाला चार ठिकाणची मुळे हवीत. आणि आपल्या मुंबईत जुलैमध्ये सिलिका हवेतला ओलावा पिते, पट्टे आपली जागा सोडतात. त्यासाठी प्लेट आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेत ठेवून आर्द्रता ३३ टक्क्यांवर आणावी लागते. कंटाळून हा टप्पा गाळणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. शिसे किंवा कीटकनाशके प्लेटवर शोधायची नसतात. त्या चाचण्या वेगळ्या.

उरलेल्या ९५ टक्क्यांत काय असते, हेही वाचकांनी विचारावे. बॅच सात टक्क्यांची निघाली, तर माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासूनची भर घालून ती पाचवर आणतात. यात गैर काही नाही, 'प्रमाणित' करणे म्हणतात ते बऱ्याचदा हेच. पण त्यामुळे मुळातले बाकीचे घटक एका बॅचला किती आणि दुसरीला किती, याची हमी टक्क्यातून मिळत नाही.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर तीन रकाने वाढवावेत: वनस्पतीचा कोणता भाग, मोजण्याची पद्धत आणि एका कॅप्सुलमध्ये किती मिलिग्रॅम. पद्धत पुष्कळ डब्यांवर छापलेलीच नसते. तिथे कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर तो रकाना कोराच छापावा.

आपला,
एक निवृत्त विश्लेषक
मुलुंड (पूर्व), मुंबई