विषय: दुसऱ्याच्या नावावरचे बारकोड विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी यावल तालुक्यात (जि. जळगाव) ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याचं पीठ विकते. पुण्या-मुंबईत गेलेली खान्देशातली माणसं ते ऑनलाइन मागवतात. अर्धा किलो आणि एक किलो अशा दोन पाकिटांसाठी मी तुमच्याकडून ६०० रुपयांना दोन कोड घेतले. प्रत्येक वजनाला वेगळा कोड लागतो, हे तुम्हीच सांगितलं होतं आणि ते खरंही आहे.

दोन आठवडे विक्री चालली. मग ऑनलाइन बाजारपेठेत दोन्ही पाकिटं शोधात दिसेनाशी झाली. तिथल्या माझ्या विक्रेता खात्यात कारण दिलं होतं: कोडच्या नोंदीतला ब्रँड आणि तुमचा ब्रँड जुळत नाही.

तुमच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, कोड स्कॅन होतोय ना? मग बरोबर आहे." हे उत्तर मला मान्य नाही. कोडच्या तेरा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या बारांवरून निघतो. डावीकडून एकाआड एक अंकाला एकने आणि तीनने गुणून बेरीज करायची. माझ्या एका कोडची बेरीज ८७ येते. पुढच्या ९० पर्यंत ३ कमी, म्हणून शेवटचा अंक ३. तो माझ्या कोडवर बरोबरच आहे. पण त्यातून आकडा चुकीचा छापलेला नाही एवढंच कळतं, कोड कोणाच्या मालकीचा हे कळत नाही.

मालकी जीएस-वन या संस्थेच्या नोंदीत असते. भारतात तिची शाखा कंपन्यांना ८९० ने सुरू होणारे कोड देते. तुमचे कोड ८९० ने सुरू होत नाहीत. मी ते Verified by GS1 या पानावर टाकून पाहिले, तर दोन्हींपुढे एका परदेशी कंपनीचं नाव आलं. एकच वस्तू दहा दुकानदार विकत असले तरी बाजारपेठ कोडवरूनच त्यांना एका पानावर आणते. दुसऱ्याचा कोड लावला तर माझं पीठ त्याच्या मालाच्या पानाला चिकटू शकतं. म्हणून बाजारपेठेने अडवलं, त्यात तिची चूक नाही.

कोड छापलेल्या आठशे पिशव्या माझ्या घरात पडून आहेत. रात्री बसून मी आणि सासूबाई त्यांवर कोऱ्या पट्ट्या चिकटवतोय. हाताने बनवलेल्या मालाला कोडातून सूट मागता येते, तसा अर्ज मी आता केला आहे. ही वाट तुम्ही विक्रीआधी सांगितली असती, तर ही वेळ आलीच नसती.

माझे ६०० रुपये आणि पिशव्यांच्या छपाईचे ३,२०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत, आणि कोड कोणाच्या नावावर आहेत हे इतर ग्राहकांना पैसे घेण्याआधी लेखी कळवावं. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूलाही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. बिल आणि दोन्ही कोडच्या नोंदीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
यावल, जि. जळगाव